घनाचं गणित: तिन्ही घनांत आम्ल २ मिमीच आत गेलं, मग विसरणाचा वेग कुणाचा जास्त?

मलप्रभाकाठ (खानापूर), रात्री ९.१०

नमस्कार सगळ्यांना. मी पीयूसी पहिल्या वर्षाला आहे, सायन्स. दहावीपर्यंत मराठी माध्यम होतं, आता सगळं इंग्रजीत आहे. म्हणून एक प्रश्न इथं मराठीत विचारते, राग मानू नका.

सराव परीक्षेत हे आलं होतं. अगरचे तीन घन आहेत, बाजू १, २ आणि ३ सेंमी. अगरमध्ये अल्कली आणि फिनॉल्फ्थॅलीन घातलेलं, त्यामुळं घन गुलाबी. तिन्ही घन सौम्य आम्लात १० मिनिटं बुडवले. बाहेर काढून कापल्यावर प्रत्येकात कडेपासून २ मिमीपर्यंत आम्लानं गुलाबी रंग घालवलेला दिसला.
(अ) प्रत्येक घनाचा किती टक्के भाग रंगहीन झाला?
(ब) विसरणाचा वेग कोणत्या घनात जास्त? कारण द्या.

(अ) मध्ये मला ४८.८, २७.१ आणि १८.७ टक्के आले. उत्तरसूचीत ७८.४, ४८.८ आणि ३४.९ आहेत. (ब) मध्ये मी ३ सेंमीचा घन लिहिला, कारण पुस्तकात पृष्ठफळ किंवा संहतीतला फरक जास्त तर वेग जास्त आणि पटलाची जाडी जास्त तर वेग कमी असं आहे, आणि पृष्ठफळ त्याचंच सगळ्यांत जास्त. सूचीत १ सेंमीचा घन आहे. दोन्हींचे मार्क गेले. (अ) मधली चूक माझीच असणार, पण सापडंना झालीय. (ब) मध्ये मी चुकले असं मला अजून वाटत नाही.

कंग्राळी_किरण, रात्री ९.३२

(ब) सोपं आहे बघ. पृष्ठफळ आणि घनफळाचं गुणोत्तर काढायचं. १ सेंमीला ६, २ ला ३, ३ ला २. ज्याचं गुणोत्तर जास्त त्याचा वेग जास्त. नीटसाठी आम्ही हेच पाठ केलंय. लहान घनात विसरण जोरात होतं, म्हणून तर पेशी लहान असतात.

मलप्रभाकाठ, रात्री ९.४०

जोरात होत असेल तर आम्ल जास्त आत जायला पाहिजे होतं की, दादा. तिन्हीत २ मिमीच गेलंय.

कंग्राळी_किरण, रात्री ९.४४

ते खरं. पण सूचीतलं उत्तर तेच आहे नव्हं.

चिकोडी_ऊस, रात्री १०.०५

माझं शिक्षण बारावीपर्यंतच, पण विषय ओळखीचा वाटला म्हणून लिहितो. युरियाचं पाणी जास्त कडक झालं की उसाची पानं करपतात, ते हेच ना? पानातलं पाणी बाहेर खेचलं जातं. मग जाड पानाच्या जातीला फवारणी चालते आणि पातळ पानाला चालत नाही, असं या तीन गोष्टींवरून ठरवता येईल का?

शहापूरचे_सर, रात्री १०.५०

चिकोडीचे भाऊ, तुम्ही म्हणता त्यात पाणी पटलातून बाहेर जातं. ते परासरण. इथं पाणी जागच्या जागी आहे आणि आम्ल आत शिरतंय, ते विसरण. पानावर मेणाचा थरही असतो, नुसत्या जाडीवरून फवारणीचं काही ठरवू नका. त्यासाठी वेगळा धागा काढा, तिथं बोलू.

आता मुली, तुझं. आधी (अ). तुझा पहिला आकडा बघ, ४८.८. सूचीतला दुसरा आकडाही ४८.८ च आहे. चूक तिथंच सापडते. १ सेंमी म्हणजे १० मिमी. त्यातून तू २ मिमी वजा केलेस आणि आतला गुलाबी घन ८ मिमीचा धरलास. पण आम्ल डावीकडूनही शिरलं आणि उजवीकडूनही. दोन्हीकडचे २ आणि २ जाऊन उरतात ६ मिमी. ०.६ चा घन ०.२१६, म्हणजे २१.६ टक्के गुलाबी उरलं आणि ७८.४ टक्के रंगहीन झालं. २ सेंमीच्या घनात आतला भाग १.६ सेंमीचा. १.६ ला २ नं भागलं की ०.८ येतात, आणि ०.८ तू पहिल्या घनाला वापरला होतास. म्हणून आकडा जुळला. तिसऱ्यात २.६ सेंमी उरतात. त्यांचा घन १७.५७६, त्याला २७ नं भागलं की ६५.१ टक्के गुलाबी.

ही चूक दरवर्षी वर्गातली निम्मी मुलं करायची. मी त्यांना वहीत चौकोन काढून चारी बाजूंनी पट्टी रंगवायला लावत असे. एकदा रंगवलं की पुन्हा चुकत नाहीत.

(ब) वर उद्या सकाळी लिहितो, ते दोन ओळींत उरकण्यासारखं नाही.

मलप्रभाकाठ, रात्री ११.०२

अरे देवा, दोन्ही बाजू! धन्यवाद सर. (ब) ची वाट बघते.

शहापूरचे_सर, सकाळी ७.१५

(ब) मध्ये भांडण 'वेग' या शब्दाचं आहे. कसला वेग, हे प्रश्नात सांगितलेलंच नाही. या एका प्रयोगातून तीन वेगवेगळे वेग काढता येतात आणि तिन्हींची उत्तरं वेगळी.

पहिला, रंगाची सीमा किती भराभर आत सरकते. तिन्ही घनांत १० मिनिटांत २ मिमी. वेग सारखाच. तेच आम्ल, तेच अगर, तेच तापमान असेल तर दुसरं काही होण्याचं कारणच नाही. आम्लाच्या कणाला आपण लहान घनात शिरतोय की मोठ्या, हे कसं कळणार? म्हणून किरण, 'लहान घनात विसरण जोरात होतं' हे वाक्य चूक. परीक्षेत ते लिहू नकोस.

दुसरा, १० मिनिटांत एकूण किती आम्ल आत गेलं. तो अंदाज रंगहीन झालेल्या घनफळावरून येतो. १ सेंमीच्या घनात ०.७८४ घसेंमी, २ च्या घनात ३.९०४, ३ च्या घनात ९.४२४. इथं मोठा घन पुढं. पुस्तकातल्या नियमात पृष्ठफळ जास्त तर वेग जास्त असं जे म्हटलंय, ते याच वेगाबद्दल. आडोल्फ फिक यांनी १८५५ मध्ये मांडलेला नियम हाच, आणि त्यात एकूण पृष्ठफळ येतं. घनफळ त्यात कुठंच येत नाही. म्हणजे तू लिहिलंस ते या अर्थानं बरोबर.

तिसरा, आपल्या आकारमानाच्या मानानं कुठला घन लवकर भरला. ७८.४ टक्के विरुद्ध ३४.९ टक्के. इथं लहान घन पुढं, आणि गुणोत्तर कामाला येतं ते फक्त इथं. पेशीला हाच तिसरा वेग महत्त्वाचा, कारण तिची भूक घनफळावर ठरते आणि पुरवठा पृष्ठफळावर. सूची काढणाऱ्याच्या मनात हा तिसरा वेग होता, आणि लिहिताना नुसता 'वेग' लिहिला.

कंग्राळी_किरण, सकाळी ८.२०

सर, दुसऱ्या वेगात एक अडचण दिसतेय. पृष्ठफळं ६, २४ आणि ५४. वेग पृष्ठफळाच्या प्रमाणात असेल तर ०.७८४ ला ६ नं, ३.९०४ ला २४ नं भागून एकच आकडा यायला पाहिजे. मला ०.१३१, ०.१६३ आणि ०.१७५ आले.

शहापूरचे_सर, सकाळी ८.४१

शाब्बास, हे तपासलंस ते बरं केलंस. सपाट, खूप मोठी बाजू असती तर प्रत्येक चौसेंमीमागं ०.२ आलं असतं, कारण थर २ मिमीचा आहे. पण घनाला कडा आणि कोपरे असतात. कडेजवळचा तोच भाग दोन बाजूंच्या वाट्याला येतो, कोपऱ्यातला तीन बाजूंच्या. लहान घनात कडाच जास्त, म्हणून त्याचा आकडा सगळ्यांत खाली. घन जितका मोठा तितका आकडा ०.२ च्या जवळ सरकतो. म्हणजे 'वेग पृष्ठफळाच्या प्रमाणात' हे पटल सपाट आणि पातळ असताना चोख बसतं. सगळीकडून भिजलेल्या गोळ्याला अंदाजानंच बसतं.

मलप्रभाकाठ, सकाळी ९.०५

सर, मग परीक्षेत मी काय लिहू? सूची तर बदलणार नाही.

शहापूरचे_सर, सकाळी ९.३०

एका मार्काचा असेल तर सूचीला धरून १ सेंमी, आणि कारणात 'घनफळाच्या मानानं' हे शब्द घाल, म्हणजे वाक्य खरंही राहतं. दोन-तीन मार्कांचा असेल तर दोन्ही सांग: एकूण पदार्थ मोठ्या घनात जास्त गेला, पण घनफळाच्या मानानं लहान घन लवकर भरला. तुझा मार्क परत मिळेल का, ते तुझ्या सरांवर आहे. मी तपासत असतो तर दिला असता. सगळे देतील असं मात्र म्हणवत नाही.

कंग्राळी_किरण, सकाळी ९.४८

मला नाही पटत, सर. पर्यायाच्या प्रश्नात कारण लिहायला जागाच नसते. तिथं गुणोत्तर जास्त तो पर्याय, एवढंच लक्षात ठेवणं बरं.

याच पेपरातला पुढचा प्रश्नही टाकतो, त्यावरून आमच्या बॅचमध्ये वाद झाला होता. 'एका पटलाचं पृष्ठफळ निम्मं झालं, जाडी दुप्पट झाली आणि कॉन्सन्ट्रेशन ग्रेडियंट दीडपट झाला. नवा वेग आधीच्या किती पट?' माझं उत्तर ०.३७५. निम्मं गुणिले दीड, भागिले दोन.

शहापूरचे_सर, सकाळी ११.१०

प्रश्न काढणाऱ्याला तेच उत्तर हवं असणार, तीन अष्टमांश. पण 'ग्रेडियंट' हा शब्द नीट बघ. पटलाच्या एका बाजूला संहती जास्त, दुसऱ्या बाजूला कमी. या दोन्हींची वजाबाकी म्हणजे संहतीतला फरक. तो फरक जाडीनं भागला की ग्रेडियंट. चोर्ला घाट आणि साधी टेकडी असं धर. किती उंच चढलो हा झाला फरक, आणि तो किती अंतरात चढलो त्यावर चढण ठरते. ग्रेडियंट म्हणजे चढण. त्यात जाडी आधीच आलेली आहे.

म्हणून शब्दशः वाचलं तर ग्रेडियंट दीडपट आणि पृष्ठफळ निम्मं, उत्तर ०.७५. जाडीनं पुन्हा भागलं तर ती दोनदा मोजली जाते. प्रश्नात 'संहतीतला फरक दीडपट' असं हवं होतं, मग ०.३७५ बिनचूक. पुस्तकांतही दोन्ही शब्द सैलपणे वापरतात. पर्याय बघायचे: ०.३७५ असेल आणि ०.७५ नसेल तर काम सोपं. दोन्ही असतील तर मी ०.७५ वर खूण करीन, पण पैज लावणार नाही.

निपाणीकर, दुपारी १.२५

मला परीक्षा नाही, पण वाचता वाचता थांबलो. माझी आई पंचवीस वर्षं तंबाखूच्या वखारीत कामाला होती. वय ६३. गेलं वर्षभर चालली की धाप लागते. बोटाला लावायचं मशीन आणलंय. बसलेली असताना ९६ दाखवतं. अंगणात दोन फेऱ्या मारल्या की ८८ वर येतं, पाच मिनिटं बसली की परत ९५. एकानं सांगितलं की बसून ९६ म्हणजे फुफ्फुस चांगलं आहे, मशीन खराब असेल. तुमच्या या हिशेबात फुफ्फुसातलं पटल जाड झालं तर ऑक्सिजन निम्मा व्हायला पाहिजे. मग बसल्यावर ९६ कसा?

कंग्राळी_किरण, दुपारी १.४०

काका, जाडी दुप्पट तर वेग निम्मा, मग ऑक्सिजनही निम्माच जाणार. ९६ येतो म्हणजे जाडीचा प्रश्न नसावा. रक्त कमी असेल.

श्वासअक्का (बेळगाव), दुपारी ३.३०

मी फुफ्फुसाच्या तपासण्या करणारी टेक्निशियन आहे. डॉक्टर नाही, हे आधी सांगते. निपाणीकर दादा, चालताना ८८ म्हणजे वाट बघत बसायचं नाही. आईला या आठवड्यातच छातीच्या डॉक्टरांना दाखवा. बसून आणि चालून, दोन्ही आकडे कागदावर लिहून न्या. हात थरथरला किंवा बोट गार असलं तर मशीन चुकतं, हे खरं. पण प्रत्येक वेळी चालल्यावरच उतरतं आणि बसल्यावर चढतं, तेव्हा मशीनला दोष देता येत नाही.

किरण, तू चुकलास तिथं पुष्कळ जण चुकतात. वायुकोषातल्या हवेत ऑक्सिजनचा दाब १०४ आणि येणाऱ्या रक्तात ४०, हे तुमच्या पुस्तकातले आकडे. फरक ६४. पण तो ६४ फक्त दारात असतो. रक्त केशवाहिनीत शिरलं की ऑक्सिजन घ्यायला लागतं, त्याचा दाब चढत जातो, फरक घटत जातो. शेवटी फरक जवळजवळ उरतच नाही.

शांत बसलेल्या माणसात तांबडी पेशी त्या केशवाहिनीत साधारण ०.७५ सेकंद असते. निरोगी फुफ्फुसात ती पहिल्या ०.२५ सेकंदातच भरते. उरलेला दोन तृतीयांश वेळ शिल्लक. आता पटल दुप्पट जाड झालं. सुरुवातीचा वेग निम्मा झाला, हे तुझं बरोबर. पण मग भरायला ०.२५ ऐवजी धर ०.५ सेकंद लागले, तरी ०.७५ च्या आतच भरली. बाहेर पडताना पूर्ण भरलेली, म्हणून मशीन ९६ दाखवतं. माणूस चालायला लागला की रक्त जोरात पळतं आणि तोच वेळ कमी होतो. खूप श्रमात तर तो ०.२५ पर्यंत येतो. निरोगी माणसाला तेवढाही पुरतो. जाड पटलवाल्याची पेशी अर्धवट भरूनच पुढं जाते. आईचं चालताना उतरतं, त्यामागं हे असू शकतं. हेच आहे असं मी इथं बसून म्हणत नाही.

मलप्रभाकाठ, दुपारी ४.१५

म्हणजे अक्का, जाडी वाढली की आधी शिल्लक वेळ खाल्ला जातो, आणि तो संपल्यावरच ऑक्सिजन कमी पडतो?

श्वासअक्का, दुपारी ४.२०

होय, अगदी तसंच. म्हणून आम्ही रुग्णाला चालवून बघतो.

निपाणीकर, संध्याकाळी ६.१०

अक्का, खूप आभार. गुरुवारची वेळ घेतलीय. एक विचारू? पटल जाड झालंय की पृष्ठफळ कमी झालंय, हे कसं कळतं? माझ्या चुलत्यांना एम्फिसिमा सांगितला होता, त्यात पिशव्या फुटतात म्हणाले होते.

श्वासअक्का, रात्री ८.००

एम्फिसिमात दोन पिशव्यांमधली भिंत जाते आणि अनेक लहान पिशव्यांची एक मोठी होते. वरच्या मुलीचा घन इथं उलटा चालवा. ३ सेंमीचा एक घन कापून १ सेंमीचे २७ केले तर पृष्ठफळ ५४ चं १६२ होतं. एम्फिसिमा त्या २७ चा पुन्हा एक करतो. आतली हवा तेवढीच, पृष्ठफळ एक तृतीयांश. मोठ्या माणसाच्या फुफ्फुसात सुमारे ३० कोटी वायुकोष आणि त्यांचं पृष्ठफळ ७० चौरस मीटरच्या आसपास. तीच ५ लिटर हवा एका गोल फुग्यात भरली तर फुग्याचं पृष्ठफळ जेमतेम ०.१४ चौरस मीटर येतं. पाचशे पटींचा फरक, नुसत्या भिंतींमुळं.

आता तपासणी. आम्ही हवेत अगदी थोडा कार्बन मोनॉक्साइड मिसळून एक खोल श्वास घ्यायला लावतो, १० सेकंद धरायला सांगतो आणि सोडलेल्या हवेत किती उरला ते मोजतो. ऑक्सिजन का वापरत नाही? कारण वर सांगितलं तसं त्याचा फरक आत जाता जाता बदलत राहतो. मोनॉक्साइडला हिमोग्लोबिन इतकं घट्ट धरतं की रक्तातला त्याचा दाब शून्याजवळच राहतो. रक्त भरत गेल्यामुळं फरक घटत नाही. तीन घटकांपैकी एक पक्का झाला, आता जो वेग मोजला तो पृष्ठफळ आणि जाडी या दोन्हींचा.

पण दोन्हींचा मिळूनच. आकडा कमी आला तर पृष्ठफळ घटलं की जाडी वाढली, हे नुसत्या त्या आकड्यावरून सांगता येत नाही. फुंकर मारायच्या तपासणीत हवा अडकते की फुफ्फुसच आखडलंय ते दिसतं, सीटी स्कॅनमध्ये भिंती गेल्यात की जाड झाल्यात ते दिसतं. हे सगळं एकत्र बघून डॉक्टर ठरवतात. आणि आईचं हिमोग्लोबिन करून घ्या. ते कमी असेल तर हा आकडा खोटाच खाली दिसतो, त्याची दुरुस्ती करावी लागते. किरणचा रक्ताचा मुद्दा तिथं उपयोगी आहे.

कंग्राळी_किरण, रात्री ८.२५

अक्का, कार्बन डायऑक्साइडचं काय? त्याचा फरक तर ४५ आणि ४०, फक्त ५. ऑक्सिजनचा ६४. तरी बसलेल्या माणसात दोन्ही जवळजवळ सारखेच जातात म्हणे.

श्वासअक्का, रात्री ८.४०

कार्बन डायऑक्साइड पाण्यात ऑक्सिजनच्या २० ते २५ पट विरघळतो, म्हणून कमी फरकातही पटलातून सहज जातो. पृष्ठफळ, फरक आणि जाडी या तिघांच्या जोडीला हा चौथा घटक. जाड पटलाच्या रुग्णात आधी ऑक्सिजन का घसरतो, याचं एक कारण हेही आहे.

मलप्रभाकाठ, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ५.३०

सर, मी घरी करून बघितलं. फिनॉल्फ्थॅलीन नव्हतं. किराणा दुकानातून चायना ग्रास, म्हणजे अगरच, आणला, पाण्यात उकळून विरघळवला, त्यात खायच्या चुन्याची गाळलेली निवळी आणि चिमूटभर हळद घातली. लालसर तांबडा रंग आला. ताटलीत थापून, गार झाल्यावर सुरीनं १ आणि २ सेंमीचे घन कापले. आधी सोडा घालणार होते, पण आईनं आठवण केली की सोड्याला आंबट लागलं की फेस येतो, अगर फाटेल. म्हणून चुना.

एक वाटी व्हिनेगरमध्ये तीन वाट्या पाणी घालून घन त्यात सोडले. बाहेरून पिवळं आणि आत तांबडं, सीमा छान दिसते, पण धारदार नाही, थोडी पुसट आहे. २ सेंमीच्या घनात १० मिनिटांनी साधारण २ मिमी, २० मिनिटांनी जेमतेम ३, आणि ४० मिनिटांनी ४. मला वाटलं होतं ४० ला ८ होईल.

अजून एक चूक झाली. पहिल्या वेळी खालची बाजू तांबडीच राहिली. घन वाटीच्या तळाला चिकटून बसला होता.

शहापूरचे_सर, संध्याकाळी ७.००

चुना डोळ्यांत जाऊ देऊ नकोस, बाकी फार छान केलंस. तळाला चिकटलेली बाजू म्हणजे सहातलं एक पृष्ठफळ गेलं. प्रयोगशाळेतही हे होतं. खाली दोन काड्या आडव्या ठेव, किंवा दर दोन मिनिटांनी घन उलटा कर.

४० मिनिटांत ४ च मिमी आले, ते बरोबर आहे. पहिल्या मिनिटाला आम्लाला शून्य अंतर ओलांडायचं होतं. सीमा २ मिमी आत गेल्यावर पुढच्या प्रत्येक कणाला आधी ते २ मिमी पार करावे लागतात. जाडी वाढत चाललीय, आणि ती वाढवतंय विसरण स्वतःच. म्हणून अंतर दुप्पट व्हायला वेळ चौपट लागतो. तुझे २, जेमतेम ३ आणि ४ याच हिशेबात बसतात. २० मिनिटांना २.८ यायला हवेत. परीक्षेत '४० मिनिटांनी किती?' असं विचारलं तर चारनं गुणू नकोस.

निपाणीकर, गुरुवारी रात्री ९.२०

डॉक्टरांना दाखवून आलो. मोनॉक्साइडची तपासणी झाली. अपेक्षेच्या ४८ टक्के आली. हिमोग्लोबिन ९.१ आहे, त्याची दुरुस्ती करून ५५ धरलंय. सोमवारी सीटी आहे. अक्का, ५५ म्हणजे काय?

श्वासअक्का, रात्री ९.५०

कमी आहे, हे नक्की. पृष्ठफळ की जाडी, ते सीटी सांगेल. तोवर आईला जिना चढू देऊ नका, आणि मशीन ९० च्या खाली बराच वेळ राहिलं तर सोमवारची वाट बघू नका.

मलप्रभाकाठ, रात्री १०.१५

काका, आईंना लवकर बरं वाटू दे.

सर, एक राहिलं. आज काड्यांवर ठेवून १ सेंमीचा घन परत केला. मध्यभाग कडेपासून ५ मिमी. तुमच्या चौपट वेळेच्या नियमानं ५ मिमीला साधारण ६२ मिनिटं लागायला हवीत. माझा घन ५० मिनिटांतच पूर्ण पिवळा झाला. दोनदा केलं, दोनदा तसंच.

शहापूरचे_सर, रात्री १०.४०

तो नियम एका सपाट बाजूचा आहे. तुझ्या घनात शेवटी सहाही बाजूंनी आम्ल येतंय, आणि मध्ये चुना किती उरलाय? कागदावर ६ मिमीचा गाभा आणि २ मिमीचा गाभा काढ, आणि प्रत्येकातला उरलेला चुना त्याच्या पृष्ठफळाशी ताडून बघ. आकडे आले की इथं टाक.